किरणोत्साराची गणितं : ॲक्टिव्हिटी म्हणजे अणूंची संख्या नव्हे

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, बारावीच्या भौतिकशास्त्रात किरणोत्साराची गणितं मुलांना सोपी वाटतात. अर्धायुकाल दिला की निम्मं करत जायचं, झालं! धाराशिव, कळंब, तुळजापूर, कुठल्याही वर्गात बघा, इथवर मुलं बरोबर येतात. गडबड पुढच्या प्रश्नाला होते. माझं मत असं की या गडबडीला मुलांपेक्षा आपण निवडलेली उदाहरणं जास्त जबाबदार आहेत. नेहमी विचारले जाणारे चार प्रश्न घेऊन ते मांडतो.

प्रश्न १ : ॲक्टिव्हिटी आणि अणूंची संख्या यांत नेमका फरक काय?

गळक्या टाकीचा विचार करा. टाकीत किती पाणी आहे ही एक गोष्ट, आणि सेकंदाला किती थेंब गळतात ही दुसरी. N म्हणजे अजून क्षय न झालेले अणू, म्हणजे टाकीतलं पाणी. A म्हणजे ॲक्टिव्हिटी, दर सेकंदाला क्षय पावणारे अणू, म्हणजे गळती. दोन्हींना जोडणारा λ हा क्षय स्थिरांक, म्हणजे भोक केवढं आहे ते.

A = λN, λ = 0.693 / T

इथे T म्हणजे अर्धायुकाल. N ही नुसती संख्या आहे, तर A चं एकक बेकेरेल, म्हणजे 'दर सेकंदाला एक क्षय'. उत्तरात 'दर सेकंदाला' आलं की ते अणूंची संख्या असूच शकत नाही.

प्रश्न २ : मग दोन्हींची गल्लत करूनही मुलांची उत्तरं बरोबर कशी येतात?

खरी मेख इथेच आहे. एकाच मूलद्रव्याच्या एकाच समस्थानिकासाठी λ बदलत नाही. त्यामुळे N निम्मा झाला की A सुद्धा निम्माच होतो. 'तीन अर्धायुकालांनंतर किती भाग उरेल?' याचं उत्तर दोन्हींसाठी एक अष्टमांशच. आपण वर्षभर असेच प्रश्न देतो, आणि मुलाची चूक झाकली जाते. म्हणून दोन वेगळ्या पदार्थांची तुलना पहिल्याच तासाला फळ्यावर यायला हवी.

प्रश्न ३ : अशी तुलना करून दाखवाल?

आयोडीन-१३१ आणि कोबाल्ट-६० घ्या. दोन्हींची ॲक्टिव्हिटी सारखीच, १० लाख बेकेरेल. अणू कशात जास्त? बरीच मुलं म्हणतात, 'सारखेच'.

आयोडीनचा अर्धायुकाल साधारण ८ दिवस, म्हणजे ६,९१,२०० सेकंद.

λ = 0.693 / 691200 ≈ 1.0 × 10⁻⁶ प्रति सेकंद
N = 10⁶ / 10⁻⁶ = 10¹²

कोबाल्टचा अर्धायुकाल ५.२७ वर्षं, म्हणजे सुमारे १६.६ कोटी सेकंद.

λ ≈ 4.2 × 10⁻⁹ प्रति सेकंद
N ≈ 2.4 × 10¹⁴

गळती सारखी, पण कोबाल्टच्या टाकीत २४० पट पाणी! भोक बारीक आहे, म्हणून टाकी टिकते. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून विकिरण करणारं केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-६० वापरतात. त्याची ॲक्टिव्हिटी वर्षाला जेमतेम १२ टक्क्यांनी उतरते. तेवढ्याच ॲक्टिव्हिटीचं आयोडीन आठ दिवसांत निम्म्यावर आलं असतं.

इथे आणखी एक सापळा आहे. λ 'प्रति दिवस' मध्ये ठेवला आणि A बेकेरेलमध्ये, तर N तब्बल ८६,४०० पट कमी येतो. उत्तर एवढंच पट चुकलेलं दिसलं, की दिवसाचे सेकंद करायचे राहिलेत हे ओळखा.

प्रश्न ४ : ॲक्टिव्हिटीला वेळेने गुणलं तर क्षय झालेले अणू मिळतील ना?

वेळ अर्धायुकालापेक्षा फारच कमी असेल तरच. वरच्या आयोडीनमधले ८ दिवसांत किती अणू क्षय पावतील? सरळ गुणाकाराने 10⁶ × 691200, म्हणजे सुमारे 6.9 × 10¹¹ येतात. पण मुळात अणू 10¹², आणि एका अर्धायुकालात निम्मेच जाणार, म्हणजे 5 × 10¹¹. गुणाकार जास्त दाखवतो, कारण टाकी रिकामी होत जाते तशी गळतीही मंदावते, आणि आपण मात्र पहिल्या सेकंदाची गळती आठही दिवस चालू धरली. अशा गणितात आधी उरलेले अणू काढायचे, मग ते सुरुवातीच्या संख्येतून वजा करायचे.

तेव्हा शिक्षकांनो, 'किती उरेल?' हे पाच प्रश्न देण्याऐवजी दोन द्या, आणि तिसरा 'ॲक्टिव्हिटी सारखी, अणू कशात जास्त?' असा विचारा. पालकांना आकडेमोड तपासता आली नाही तरी चालेल. मुलाला उत्तराचं एकक तेवढं विचारा. तो 'बेकेरेल' म्हणाला आणि प्रश्न अणूंच्या संख्येचा असेल, तर चूक तिथेच सापडेल.