शोधून काढलेला क्रमांक कोणाचा?

पेडण्याच्या बाजारपेठेतील एखादा दुकानदार डिचोलीच्या घाऊक व्यापाऱ्यास मोबाईलवरून २,४०० रुपये पाठवितो. रक्कम खात्यातून वजा होते, परंतु व्यापारी म्हणतो, "शेट, पैसे पोचले नाहीत." अस्वस्थ झालेला दुकानदार त्याच मोबाईलवर बँकेचे नाव आणि 'कस्टमर केअर नंबर' एवढे शब्द टाकतो, आणि पडद्यावर सर्वांत वर आलेला क्रमांक लावतो. हा दुकानदार आम्ही कल्पिलेला आहे. त्याच्यावर पुढे जो प्रसंग गुदरतो तो मात्र काल्पनिक नाही.

अनोळखी माणसाचा फोन आला तर आपण सावध असतो. येथे फोन आपणच केलेला असतो! त्यामुळे पलीकडच्या माणसाला आपण कोण हे पटवून देण्याची गरजच उरत नाही. उलट तोच आपणास नाव, खाते, जन्मतारीख विचारतो आणि आपण आज्ञाधारकपणे सांगत जातो. या फसवणुकीची सारी शक्ती या उलट्या व्यवहारात आहे.

मग तो क्रमांक तेथे आला कोठून? वाचकांचा समज असा की, एवढ्या मोठ्या कंपनीच्या पानावर छापले आहे त्या अर्थी कोणी तरी ते तपासले असेल. २०१८ साली महाराष्ट्रात या समजाचा फोलपणा उघड झाला. बँक ऑफ इंडियाच्या शाखांपुढे गूगलच्या नकाशावर भामट्यांनी आपले क्रमांक घातले असल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या. त्यासाठी कुलूप फोडावे लागले नव्हते. नकाशावरील स्थळाच्या माहितीत Suggest an edit अशी सोय असते. पत्ता वा फोन चुकला असेल तर कोणीही दुरुस्ती सुचवावी, हा तिचा हेतू. त्याच दारातून चोर शिरले. याखेरीज पैसे मोजून पहिली जागा मिळविता येते. तेथे Sponsored असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि घाईतला माणूस ते वाचीत नाही. शोधयंत्र जुळणारे शब्द शोधते. क्रमांकाचा मालक कोण, याची हमी ते देत नाही.

आता आमच्या दुकानदाराकडे वळू. पलीकडचा गृहस्थ अत्यंत विनयशील असतो. "तक्रार नोंदवली, परतावा आत्ताच देतो," असे म्हणून तो एनीडेस्कसारखे एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगतो आणि त्यावर उमटलेले आकडे विचारतो. ते सांगताच दुकानदाराचा पडदा त्याला दिसू लागतो, आलेला ओटीपीही दिसतो. पुढे तो 'परताव्यासाठी' पिन टाकावयास लावतो. येथेच त्याचे सोंग ओळखता येते. यूपीआयवरून पैसे येण्यास पिन लागत नाही. पिन हा पैसे जाण्याचा परवाना आहे. २,४०० परत मिळविण्याच्या खटपटीत खाते रिकामे होते.

आणि दुर्दैव असे की, तो फोन करण्याची आवश्यकताच नव्हती! रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने असे बंधन घातले की, यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठविलेली रक्कम वजा होऊनही जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी. दुकानाला केलेल्या भरण्यात ही मुदत पाच दिवसांची ठेवली, आणि त्यापुढील विलंबास दिवसाला १०० रुपये भरपाई ठरविली. आमचा दुकानदार एक रात्र थांबला असता तर बहुधा भागले असते. फोन करणे भागच असेल, तर क्रमांक कार्डाच्या पाठीवरून, पासबुकावरून वा बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून घ्यावा. नाहीतर सरळ शाखेत जावे. दहा आकडी खाजगी मोबाईल क्रमांक बँकेचा म्हणून मिळाला तर संशय घ्यावा. परंतु १८०० ने आरंभ होणारा क्रमांक दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नये. तो कोठून घेतला, हाच खरा प्रश्न.

पैसे गेलेच तर? माणूस लाजेने दोन दिवस गप्प बसतो, आणि भामट्यास हवी असते ती हीच लाज. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ठरविले की, ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडे दिले असतील तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. शिवाय चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर हलविली जाते. ती वाटेत असेपर्यंतच गोठविता येते. म्हणून प्रथम इंटरनेट बंद करून ते ॲप काढून टाकावे, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या राष्ट्रीय क्रमांकाला तत्काळ कळवावे. तक्रार cybercrime.gov.in येथेही नोंदविता येते. चोर गोव्यातला की सीमेपलीकडचा, याचा निवाडा करीत बसण्याचे कारण नाही; १९३० ही व्यवस्था साऱ्या देशासाठी आहे. मात्र हा क्रमांकही शोधून काढू नका. येथूनच उतरवून घ्या.