बढतीच्या अभिनंदनाचा मेल आणि त्यानंतरचे सहा महिने

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांचा, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या ओतकामाच्या कारखान्यांचा, बराचसा धंदा दुसऱ्या कारखान्यांसाठी सुटे भाग तयार करण्याचा असतो; पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स किंवा वाहने बनवणारी कंपनी ड्रॉइंग देते आणि फाउंड्री त्याबरहुकूम कास्टिंग करून पाठवते. निपाणीहून जेमतेम अर्ध्या तासावर असलेल्या कागलच्या पंचतारांकित वसाहतीतही असे गिऱ्हाईक असते आणि पुण्याच्या चाकण-भोसरीतही. या व्यवहारात कंपनीचे नाव कितीही मोठे असले, तरी फाउंड्रीवाल्याच्या दृष्टीने कंपनी म्हणजे परचेस विभागातील एक विशिष्ट अधिकारी असतो. नवा भाग कोणाकडे द्यायचा, नमुना नापास झाल्यास आणखी संधी द्यायची की नाही, महिन्याच्या शेड्यूलमध्ये किती नग टाकायचे, यांतले पुष्कळसे त्याच्या टेबलावर ठरते. या अधिकाऱ्याला बढती मिळाली की फाउंड्रीवाला आनंदाने अभिनंदनाचा मेल पाठवतो, आणि बहुतेक वेळा त्याच मेलमध्ये संबंध पातळ करून ठेवतो.

याचे कारण बढतीच्या स्वरूपातच आहे. मोठ्या कंपन्यांत खरेदीची विभागणी मालाच्या प्रकारानुसार केलेली असते; एकाकडे कास्टिंग, दुसऱ्याकडे फोर्जिंग, तिसऱ्याकडे रबर आणि प्लास्टिक. वर गेलेला अधिकारी पुष्कळदा कास्टिंगचे टेबल सोडून दुसऱ्या प्रकाराकडे किंवा दुसऱ्या प्लांटकडे जातो, आणि रोजच्या व्यवहारासाठी तो फाउंड्रीच्या उपयोगाचा उरत नाही. त्यामुळे ‘आता आमच्याकडे लक्ष असू द्या’ हे अभिनंदनाच्या मेलमधील हमखास वाक्य दोन्ही बाजूंनी चुकते. लक्ष देण्याचा अधिकार त्या टेबलाबरोबर मागे राहिलेला असतो, आणि वाचणाऱ्याला कौतुकाच्या आड दडलेली मागणी तेवढी दिसते. जपायचा असतो तो माणसाशी असलेला परिचय, ऑर्डर नव्हे, हे एकदा मान्य केले की मेलमध्ये काय लिहायचे हा प्रश्न बराच सोपा होतो.

उदाहरणादाखल एक प्रातिनिधिक प्रसंग घेता येईल. उद्यमबागेतील एका फाउंड्रीचा भागीदार पुण्याच्या एका कंपनीला पंपाच्या बॉडीचे कास्टिंग देतो. सुरुवातीच्या दोन नमुन्यांत मशिनिंगच्या वेळी पोरोसिटी, म्हणजे धातूच्या पोटात राहिलेली बारीक छिद्रे, आढळली होती. जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे जाड भाग उशिरा थंड होतो, आकसताना त्याला वरून वितळलेले लोखंड मिळाले नाही तर आत पोकळी राहते, आणि ते लोखंड पुरवणारा रायझर, म्हणजे साच्यातील राखीव धातूचा साठा, चुकीच्या जागी असल्याने हे घडत होते. परचेसचा अधिकारी क्वालिटीच्या माणसाला घेऊन बेळगावला आला, रायझरची जागा बदलली गेली आणि तिसरा नमुना पास झाला. हा अधिकारी आता सोर्सिंग मॅनेजर, म्हणजे पुरवठादारांची निवड ठरवणारा व्यवस्थापक, झाला आहे. त्याला पाठवायचा मेल असा असू शकतो:

विषय: सोर्सिंग मॅनेजरपदी बढतीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन

सप्रेम नमस्कार.

आपली सोर्सिंग मॅनेजर म्हणून नियुक्ती झाल्याचे काल आपल्या विभागातून कळले. फार आनंद झाला. पंप बॉडीचे पहिले दोन नमुने नापास झाले तेव्हा काम दुसरीकडे वळवणे आपल्याला सोपे होते. त्याऐवजी आपण उद्यमबागेत आलात आणि रायझरची जागा बदलेपर्यंत दिवसभर मोल्डिंगच्या शेडमध्ये उभे राहिलात. तशा जाडीचे कास्टिंग आमची मुले आजही त्याच पद्धतीने ओततात.

नव्या जबाबदारीसाठी सर्वांकडून शुभेच्छा. उत्तराची घाई नाही. दिवाळीनंतर पुण्यात येणे होईल, तेव्हा सवड असल्यास चहापुरते भेटू.

आपला,

या मेलचा सारा भार रायझरच्या वाक्यांवर आहे. ‘आपल्या कष्टाचे चीज झाले’, ‘आपल्यासारख्या कर्तबगार व्यक्तीला हे पद मिळणारच होते’ ही वाक्ये कोणीही कोणालाही लिहू शकतो, आणि बढतीच्या आठवड्यात ती त्या अधिकाऱ्याला डझनाने आलेली असतात. त्याने केलेले नेमके काम आणि त्याचा अजून टिकून असलेला परिणाम ही गोष्ट मात्र ज्या माणसाने ते काम पाहिले तोच लिहू शकतो. असा मेल वरिष्ठांच्या हाती गेला तरी अधिकाऱ्याला अवघडायला होत नाही. उलट त्याच्या कामाची ती साक्ष ठरते. कंपनीच्या पत्त्यावर आलेला मेल कंपनीच्या नोंदीत राहतो आणि ऑडिटमध्ये कोणीही तो उघडू शकतो, हे लक्षात घेता ‘पार्टी कधी?’ हा फोनवर सहज चालणारा विनोद लेखी रूपात गैरसमजाला निमंत्रण देतो.

शेवटचे वाक्यही तितकेच जाणीवपूर्वक लिहिलेले आहे. भेटीचा उल्लेख आहे, पण तारीख मागितलेली नाही. काळाची एक सैल खूण तेवढी ठेवली आहे. अधिकाऱ्याने उत्तर दिले नाही तरी त्याच्यावर कसली बाकी राहत नाही, आणि दिवाळीनंतर फाउंड्रीवाल्याने खरोखर फोन केला तर तो अनाहूत ठरत नाही. संबंध चालू ठेवण्याचे काम मेलमध्ये एवढ्यानेच होते.

या मेलमध्ये जे नाही तेही सांगितले पाहिजे, कारण मोह तिथेच असतो. समजा याच काळात फाउंड्रीचे बिल थकले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला तरी खरेदीदाराला पैसे देण्यासाठी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि ती उलटल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. हक्क इतका स्पष्ट असताना तो ‘जाता जाता एक विनंती’ म्हणून अभिनंदनाच्या तळाशी चिकटवला की हक्काची याचना होते आणि अभिनंदनाची प्रस्तावना. थकबाकीचा मेल बिलांच्या क्रमांकांसह अकाउंट्स विभागाला, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या विषयओळीखाली जावा. कास्टिंगच्या टेबलावर नव्याने आलेल्या अधिकाऱ्यालाही स्वतंत्र पत्र हवे. त्यात चालू भागांची यादी, मंजूर दर आणि फाउंड्रीत ठेवलेले कंपनीचे पॅटर्न यांची माहिती द्यावी, पण ‘आधीचे साहेब असे करायचे’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे.

मेल पाठवण्यापूर्वी बातमीची खातरजमा करणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक काम आहे. लिंक्डइनवरील सूचना नोकरीचा वर्धापनदिन, पदनामातील किरकोळ बदल आणि खरी बढती यांत फारसा भेद करत नाही. सूचनेखालच्या बटणावर टिचकी मारून गेलेल्या तयार शुभेच्छा तर न पाठवल्यासारख्याच. त्याहून नाजूक शक्यता अशी की पदनाम मोठे झाले पण हाताखालची माणसे आणि खरेदीचे अधिकार गेले, म्हणजे सन्मानाने बाजूला बसवले गेले. अशा वेळी दणदणीत अभिनंदन बोचते. विभागातील ओळखीच्या माणसाला एक फोन केला की हे कळते, आणि मग ‘नव्या कामासाठी शुभेच्छा’ एवढेच लिहावे. खातरजमा झाली की दोन-तीन दिवसांत मेल जावा. महिनाभर उशीर झालाच तर उशिराची लांबलचक कारणे देऊ नयेत.

मायन्याचा प्रश्न या भागात थोडा वेगळा आहे. जुन्या मराठी पत्रलेखनात तीर्थरूप, राजश्री, चिरंजीव हे मायने नाते आणि दर्जा पाहून ठरत, आणि दर्जा बदलला की मायनाही बदलत असे. आजच्या मेलमध्ये मात्र काल ज्याला अमुकराव म्हटले त्याला बढतीनंतर एकदम ‘आदरणीय महोदय’ केले तर जवळीक वाढण्याऐवजी अंतर पडते. चालत आलेले संबोधन तसेच राहू द्यावे. भाषेबाबतही तोच न्याय: फोनवर जी भाषा बोलली जाते ती मेलमध्ये यावी. हुबळी किंवा बेंगळुरूच्या कन्नड अधिकाऱ्याला इंग्रजी मेलच्या आरंभी ‘अभिनंदनेगळु’ हा एक शब्द बेळगावच्या मराठी उद्योजकाकडून आला, तर सीमाप्रश्नाच्या पार्श्वभूमीवर त्याला वजन येते; पण पुढचा मजकूर मोडक्या कन्नडमध्ये रेटू नये. मराठीत लिहायचे तर युनिकोडमध्येच लिहावे, कारण डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास रोमन अक्षरांचा कचरा होऊन उमटतो.

भेटवस्तूचा विषय टाळता येत नाही, कारण बेळगावहून पुण्याला निघालेल्या गाडीत कुंद्याचा डबा नसणे अवघड. तरीही अनेक कंपन्यांच्या आचारसंहितेत पुरवठादाराकडून भेट घेण्यावर मर्यादा असतात, आणि बढतीच्या आठवड्यात घरी पोहोचलेला डबा अधिकाऱ्यालाच अडचणीत टाकतो. तो पुढच्या रीतसर भेटीत विभागातील सर्वांसमोर टेबलावर उघडावा, आणि कंपनीचा नियम तेवढ्यालाही परवानगी देत नसेल तर गाडीतच राहू द्यावा.

यानंतर किती वेळा लिहावे? डॅनिएल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुप्त संबंधांचा, म्हणजे वर्षानुवर्षे संपर्क नसलेल्या जुन्या परिचयांचा, विचार केला आहे. असे परिचय पुन्हा जागे केल्यावर त्यांतून नवी माहिती मिळतेच, शिवाय पूर्वीचा विश्वासही बराचसा टिकलेला असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे दरमहा ‘सहज आठवण आली’ असे मेल पाठवण्याची गरज नाही. त्यांचा उपद्रवच अधिक. सांगण्याजोगे काही घडले तेव्हा लिहावे. फाउंड्रीने रासायनिक घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर बसवला, एसजी आयर्न म्हणजे साध्या बिडापेक्षा चिवट लोखंड ओतायला सुरुवात केली, किंवा त्या अधिकाऱ्याच्या नव्या विभागाला उपयोगी पडेल अशी बाजारातली बातमी कळली, तर चार ओळी पुरतात. वर्षाला असे एक-दोन मेल झाले तरी पुष्कळ.

एका स्थितीत मात्र हे सारे लांबणीवर टाकणे बरे. फाउंड्रीचे कोटेशन त्याच अधिकाऱ्याच्या निर्णयासाठी पडून असेल, तर निर्मळ अभिनंदनही दराच्या वाटाघाटीचा भाग वाटू शकते. तेव्हा फोनवर एका वाक्यात शुभेच्छा द्याव्यात, आणि रायझरची आठवण सांगणारा मेल ऑर्डर मिळो वा न मिळो, निर्णय झाल्यावर पाठवावा. न मिळाल्यावर आलेला तो मेल अधिकाऱ्याच्या अधिक लक्षात राहण्याची शक्यता आहे.