आधी कोणाचे रक्त?

पाथर्डी परिसरात पावसाळा लागला की शेतातून सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. अशा वेळी प्रयोगशाळेबाहेर नंबर लावून बसलेली मंडळी कुरकुरतात, "आम्ही सकाळपासून बसलोय, आणि हा आत्ता आला तरी याचे रक्त आधी?" माझे स्पष्ट मत आहे की तंत्रज्ञाने त्याचेच आधी घ्यावे.

समजा, १० वाजून १० मिनिटांनी त्याचे २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतले. नळी न हलवता २० मिनिटे ठेवायची आणि साडेदहाला तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनल्याचे समजून प्रतिविष सुरू करतात. मात्र दहाच मिनिटांत पाहिले, तर निरोगी रक्तही पातळ दिसू शकते आणि प्रतिविष विनाकारण दिले जाते. म्हणून वेळ घड्याळात पाहून त्याच क्षणी नळीवर लिहावी; दुपारी आठवून रजिस्टर भरू नये. नाग व मण्यार चावल्यास रक्त सहसा गोठतेच. तेव्हा रक्त गोठले म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका.

मधुमेह्यांनाही या वेळेचे महत्त्व आहे. साध्या नळीत पडून राहिलेल्या रक्तातील पेशी साखर खातात. ती तासाला ५ ते ७ टक्के घटते. फ्लोराइडच्या नळीत ती बरीच टिकते, म्हणून तो नमुना थोडा थांबू शकतो.

तेव्हा वाचकहो, नंबरावरून भांडू नका. रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि तपासल्याची, अशा दोन्ही वेळा मात्र जरूर मागा.