कार्नोला कुणी हरवलेलं नाही

हायड्रोजनचा विषय निघाला की आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "फ्युएल सेल कार्नोची मर्यादा तोडतो, म्हणून तो इंजिनापेक्षा भारी." दुसरं, "हायड्रोजन तोच, ऊर्जा तीच, मग आपल्याला येतं ते इंजिनच वापरा की." मंडळी, मला ही दोन्ही वाक्यं खटकतात.

वाद हवेतला नाही. मार्च 2025 मध्ये टाटा मोटर्सने 16 हायड्रोजन वाहनांच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांच्या मार्गांमध्ये पुणेही आहे, आणि वाहनांमध्ये हायड्रोजन इंजिनात जाळणारीही आहेत आणि फ्युएल सेलवर चालणारीही. इंधन एकच, रस्ते दोन.

आता हिशोब मांडू. 2 ग्रॅम हायड्रोजन (एक मोल) घेतला आणि 25 अंशांना त्याचं पाणी झालं, तर एकूण 286 किलोज्यूल सुटतात. यातलं किती काम म्हणून मिळेल? हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू, बेशिस्त. पाणी त्यामानाने शिस्तीचं. म्हणजे या क्रियेत एन्ट्रॉपी कमी होते, मोलमागे 163 ज्यूल प्रति केल्विन. दुसरा नियम सांगतो की ही घट बाहेर कुठेतरी भरून निघालीच पाहिजे, म्हणजे भोवतालाला उष्णता द्यावीच लागणार. 163 गुणिले 298 केल्विन, साधारण 49 किलोज्यूल. हा कर माफ होत नाही. उरले 237.

हेच ते गिब्जचं उत्तर. तापमान आणि दाब कायम असताना, वातावरणाला ढकलण्यात किंवा त्याने आपल्याला ढकलण्यात जे काम होतं ते सोडून, जास्तीत जास्त एवढं काम निघू शकतं. फ्युएल सेलमध्ये हे काम इलेक्ट्रॉन तारेतून ढकलण्याचं असतं. मोलमागे 2 मोल इलेक्ट्रॉन जातात, म्हणून 237 किलोज्यूलचे होतात 1.23 व्होल्ट. 286 पैकी 237 म्हणजे 83 टक्के. थोडक्यात, सेललाही मर्यादा आहे आणि ती त्याच दुसऱ्या नियमाने घातली आहे. "मर्यादा तोडली" कसलं घेऊन बसलात?

गंमत पुढे आहे. कार्नोच्या सूत्रात 83 टक्के यायला गरम टोक साधारण 1,480 अंशांचं लागतं. हायड्रोजनची ज्योत त्याहून गरम होऊ शकते! म्हणजे निव्वळ कागदावर कार्नोचं इंजिन मागे पडतच नाही. मग खरं इंजिन का पडतं? कारण ज्योत पेटते त्या क्षणीच घात होतो. जाळणं ही उलटवता न येणारी क्रिया. तिथे एन्ट्रॉपी फुकट तयार होते आणि काम मात्र शून्य मिळतं. शिवाय गरम वायू प्रसरताना थंड होत जातो, सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढतात, आणि उरलेली एक्झॉस्टमधून जाते. पाणी वाफ होऊनच बाहेर पडतं, म्हणून 286 पैकी 242 च हिशोबात धरायचे. चांगल्या इंजिनाचे 40 टक्के धरले तर हाती 97.

सेल इलेक्ट्रॉनला थेट उडी मारू देत नाही, तारेतून वळसा घालायला लावतो. फरक आहे तो इथे.

पण सेलवाल्यांनीही जास्त फुगू नये. 1.23 व्होल्ट फक्त वीज न घेता मिळणार, आणि प्रत्यक्षात तेव्हाही 1 च्या आसपासच दिसतात. भार टाकला की साधारण 0.7. म्हणजे काम 135 किलोज्यूल, आणि उरलेले 151 उष्णता. हवा दाबणारा कॉम्प्रेसर वगैरे वजा करून धरा 120. त्यातून मोटर आणि इन्व्हर्टर आपला वाटा घेणारच.

ती उष्णताही सुमारे 80 अंशांची. इंजिनाची बरीचशी उष्णता एक्झॉस्ट घेऊन जातो, इथे जवळजवळ सगळी रेडिएटरने काढायची. मे महिन्यात बाहेर 40 अंश असताना तापमानातला फरक उरतो जेमतेम 40, म्हणून रेडिएटर मोठा लागतो.

मग निवड कशावर करायची? भारावर. भार कमी झाला की सेलचा व्होल्टेज वाढतो, म्हणजे कार्यक्षमता सुधारते (अगदीच कमी भारावर कॉम्प्रेसर ती खातो). इंजिनाचं बरोबर उलटं. नाशिक फाट्याला दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या बसला सेल द्यावा, तिथे अंतर मोठं पडतं. चाकणहून माल भरून तासन्‌तास पूर्ण जोरात धावणाऱ्या ट्रकमध्ये तेच अंतर आक्रसतं, आणि तिथे स्वस्त इंजिनाची बाजू ऐकून घ्यायला हवी.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी कार्नोला हरवल्याची बातमी आणली, तर त्याला एवढंच विचारा: भार किती, आणि सेलचा व्होल्टेज किती? त्या व्होल्टेजला 1.48 ने भागलं की हायड्रोजनच्या एकूण 286 तला सेलचा वाटा मिळतो. बाकी चर्चा खाली प्रतिक्रियांत करूच.