ओसरीला दोन दारे हवीत

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर आहे. यवतमाळच्या खेड्यांत एवढ्यात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे राहतात. एकामागे एक खोल्या काढल्या की पुढची खोली वाट बनते. रात्री शौचालयासाठी उठलेल्या आजोबांना सुनेच्या अंथरुणाजवळून जावे लागते. दोघांनाही ते अवघड. पाच बाय पाच मीटरच्या चौकोनात पुढे दीड मीटरची ओसरी ठेवून तिच्याच एका टोकाला चूल-ओटा आडोशाला घ्यावा. मागे साधारण अडीच बाय साडेतीन मीटरच्या दोन खोल्या बसतात. प्रत्येकीचे दार थेट ओसरीत उघडले, की कुणाची खोली कुणाचा रस्ता राहत नाही.

ओसरीत जागा वाया जाते, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. खोल्या लहान होतात, पण नातवंडांचा अभ्यास आणि पाहुण्यांची बैठक ओसरीत झाल्याने त्या मोकळ्याही राहतात. जुन्या घरांत ओसरी पुरुषांची आणि बायका माजघरात, ही दुसरी हरकत मात्र रास्तच. म्हणून सुनेच्या दाराला आतून कडी हवी, आणि दोन्ही दारांच्या मध्ये भिंतीचा पुरेसा भाग. दारे लगत आली की कुजबूजही पलीकडे ऐकू जाते.