‘फर्स्ट’ कशातली पहिली?

पिरंगुटला एका दुकानात परवा वाद झाला. दुकानदार म्हणाले, "आम्ही फसवत नाही साहेब. जाहिरातीत फर्स्ट कॉपी असं सरळ लिहितो. गिऱ्हाईक समजून-उमजून घेतं." त्यांचं म्हणणं एवढंच, की नकलेला अस्सल म्हटलं तर लबाडी आणि कॉपी म्हटलं की व्यवहार चोख. ज्याला महागडं घड्याळ परवडत नाही त्याने कॉपी घालावी, बिघडलं कुठे? हा युक्तिवाद मी बऱ्याच सुशिक्षितांकडूनही ऐकलाय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

‘कॉपी’ ही कबुली आहे, मान्य. पण ‘फर्स्ट’ हा दावा आहे, आणि पैसे त्या दाव्याचे घेतले जातात. सिनेमाच्या धंद्यात फर्स्ट कॉपीला नेमका अर्थ आहे: चित्र आणि आवाज जुळून तयार झालेली पहिली पूर्ण प्रत. ठरल्या रकमेत ती हातात द्यायची, असे करारही होतात. तिथे मूळ निगेटिव्ह होती, लॅब होती, म्हणून ‘पहिली’ म्हणता येत होतं. घड्याळाच्या नकलेला कसली निगेटिव्ह? मूळ कंपनीच्या साच्यातून ती निघालेली नसते. एक विक्रेता ‘सुपर’ला ‘फर्स्ट’च्या वर बसवतो, दुसरा खाली. वर ‘मास्टर कॉपी’ आणि ‘सेव्हन ए’ आहेतच. या पायऱ्या कुठल्याही मानकात नाहीत, विकणारा ठरवेल तीच पायरी.

आम्हा मुळशीकरांना हे कळायला हवं. आंबेमोहर म्हणून दुसराच बारीक तांदूळ गळ्यात मारणारे आपण पाहिलेत. पण तिथे निदान मूठभर शिजवून वासावरून भांडता येतं. ‘सुपर’पणाचा वास कुठे घ्यायचा?

माझ्या भाच्याने हिंजवडीत नोकरी लागल्यावर ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळ 2,199 रुपयांना मागवलं. त्याच्या मित्राने दुसऱ्याकडून ‘सुपर कॉपी’ 1,499 ला घेतलं. दोन्ही जाहिरातींत फोटो एकच होता. मी दोन्ही घड्याळं टेबलावर शेजारी ठेवली. तबकडीत तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं, म्हणजे दिसायला क्रोनोग्राफ. खऱ्या क्रोनोग्राफचं वरचं बटण दाबलं की वेळ मोजणारा काटा पळू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. इथे दोन्हींची बटणं आत गेली आणि बाहेर आली, काटा ढिम्म. छोट्या तबकड्यांपैकी एक चोवीस तास दाखवत होती, एक वार, आणि तिसरीचा काटा नुसता चिकटवलेला. मागच्या झाकणावर दोन्हींना ‘5 ATM’ कोरलेलं. मूळ घड्याळावर ती पाणी सोसण्याची चाचणी घेतल्याची खूण असते. इथे बाकीच्या अक्षरांबरोबर तीही उतरवली गेली. आषाढात भाच्याच्या काचेआड वाफ धरली. मग 700 रुपयांचा फरक कशाचा? जड पट्ट्याचा आणि छापील खोक्याचा. खोकंही कॉपीच.

ही नावं का वापरतात, तेही उघड आहे. ‘डुप्लिकेट’ म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं आणि घालणाऱ्याला लाज वाटते. ‘फर्स्ट कॉपी’ म्हटलं की तोच माणूस चारचौघांत दर्जाबद्दल बोलतो. दोन पायऱ्या दाखवल्या की वरची घ्यावीशी वाटते. शिवाय नंतर तक्रार घेऊन गेलात तर उत्तर तयार: "कॉपी आहे असं सांगितलं होतं." ग्राहक संरक्षण कायदा, 2019 बनावट माल म्हणतो तो खोटेपणाने अस्सल म्हणून खपवलेल्याला, त्यामुळे त्या बाजूने भांडणं तुम्हालाच अवघड होतं. पण ही ढाल फक्त तुमच्यापुरती. व्यापारचिन्ह कायदा, 1999 खाली खोटं चिन्ह लावलेला माल विकणं गुन्हाच आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड. ‘कॉपी’ लिहिल्याने त्यातून सुटका होत नाही.

घ्यायचंच असेल तर त्या दोन शब्दांतला ‘कॉपी’ तेवढा वाचा आणि ‘फर्स्ट’, ‘सुपर’ पुसून टाका. उरलेली जाहिरात बिननावाच्या घड्याळाची समजा. आत कुठलं मशीन आहे, परत घेणार का, वॉरंटी कोण देणार, हे विचारा. बटणं दाबतानाचा व्हिडिओ मागा. दिखाऊ बटणांचं घड्याळ असेल तर तो सहसा येत नाही. आणि चार्जर असेल तर किंमत कितीही पडेल असो, ‘फर्स्ट कॉपी’ला हात लावू नका. खऱ्या चार्जरवर मानक ब्युरोचा R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ब्युरोच्या ॲपवर तपासता येतो.

त्या दुकानदारांना मी म्हटलं, इतका प्रामाणिकपणा असेल तर बिलावर ‘फर्स्ट कॉपी’ लिहून द्या. त्यांनी बिल फाडलं. त्यावर होतं: घड्याळ, 1 नग.