घरबसल्या उद्योग : ‘ताई, शेवटचे किती?’

मैत्रिणींनो, व्हॉट्सॲपवर साडीचा फोटो टाकावा, खाली ‘९०० रुपये, भाव एकच’ असे स्पष्ट लिहावे, तरी दहा मिनिटांत निरोप येतोच, ‘ताई, शेवटचे किती?’ नाही म्हणावे तर गिऱ्हाईक जाते आणि हो म्हणावे तर नफा जातो!

माझ्या शेजारणीने गेल्या दिवाळीत भिडेखातर एकीला ९००ची सुती साडी ८००ला दिली. ती बातमी त्यांच्या भिशीत पोचायला कितीसा वेळ लागणार? मग सगळ्याच आठशे म्हणू लागल्या. ज्यांनी आधी नऊशे दिले होते, त्यांनी शंभर परत मागितले. बिचारीने तेही दिले. बारा साड्या खपल्या, पण हाती राहिले अवघे ७२० रुपये.

असे कसे झाले? हिशेब करून पाहा. साडी घाऊक ६४०ला. ती घरी आणण्याचे भाडे नगामागे २०, पिशवी १०, कुरिअर ७०. झाले ७४०. म्हणजे ९००त तिला सुटत होते १६०. शंभर सोडले की उरले साठ! गिऱ्हाइकाला शंभर म्हणजे किमतीचा नववा हिस्सा वाटतो, पण आपल्या नफ्यातला तो निम्म्याहून जास्त असतो. एका साडीचे १६० मिळवायला मग जवळजवळ तीन साड्या विकाव्या लागतात. म्हणून उत्तर लिहिण्याआधी हा हिशेब वहीत मांडून ठेवा. पण तो गिऱ्हाइकाला मात्र सांगू नका. खरेदीचा भाव कळला की साडीचे बोलणे राहते बाजूला आणि तुमच्या नफ्यावर चर्चा सुरू होते.

आता उत्तर कसे द्यावे? दुकानात ‘एकच भाव’ म्हणताना आपण हसतो, म्हणून ते गोड लागते. लिहिलेल्या निरोपात हसू दिसत नाही. नुसते ‘नाही’ फार कोरडे वाटते. म्हणून पहिल्या वेळी भाव सांगून लगेच साडीकडे वळवा : ‘ताई, सगळ्यांना ९००च लावले आहेत, त्यात कुरिअर आले. पदराचा जवळून फोटो पाठवू का?’ पुष्कळजणी केवळ सवयीने विचारतात. त्यांचे एवढ्यावरच समाधान होते.

पुन्हा निरोप आला, ‘थोडे तरी कमी करा ना,’ तर भाव न मोडता खर्च कमी करा. ‘घरी येऊन नेलीत तर कुरिअरचे ७० वाचतील, ८३०ला देईन. किंवा दोन घेतल्यात तर दोन्ही मिळून १७५०.’ यात तुमचे काही जात नाही. दोन साड्यांचे एकच पुडके केले तर कुरिअर १४०च्या ऐवजी ९०च्या आसपास पडते. तेच पन्नास तुम्ही तिला देता आणि साडीमागचे १६० शाबूत राहतात. मात्र कुरिअरवाल्याचा दर वजनावर असतो, तेव्हा आपल्या गावचा दर आधी विचारून घ्या. शिवाय ही सवलत सगळ्यांना सारखी ठेवा, म्हणजे भिशीत कळले तरी बिघडत नाही.

तिसऱ्यांदा घासाघीस झाली तर वाद नको, गप्प बसणेही नको. लिहा : ‘ताई, याहून कमी जमणार नाही, राग मानू नका. सातशेपर्यंतच्या साड्या आल्या की तुम्हाला आधी फोटो पाठवते. ही हवी असेल तर उद्या संध्याकाळी सहापर्यंत बाजूला ठेवते.’ तिचे बजेटच खरोखर कमी असेल, तर ते आता उघड होईल आणि ती पुढच्या वेळची गिऱ्हाईक होईल. सहानंतर मात्र साडी दुसरीला खुशाल द्या. मुदत दिली की पाळायची.

काहीजणी आधीच हजार लिहून मग नऊशेला ‘खास तुमच्यासाठी’ देतात. तसे करू नका. न बोलता हजार देणारी भली बाई त्यात फसते आणि तिला ते एक दिवस कळतेच. तसेच ‘हे रागावतील’, ‘शेवटचीच उरली’ असली खोटी कारणेही नकोत. शेवटची म्हणालात आणि चार दिवसांनी तीच साडी पुन्हा दिसली, तर तुमच्या कुठल्याच भावावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

एवढे करूनही एखादी जाईल. जाऊ द्या. ती गेली तर साडी कपाटात राहते आणि उद्या नऊशेलाच विकता येते. शेजारणीने यंदा संक्रांतीला हेच केले. साड्या गेल्या सातच, पण त्यातली प्रत्येक पूर्ण नफ्यात. सातीं १६० म्हणजे किती, तो गुणाकार तुम्हीच करा आणि दिवाळीच्या ७२०शी ताडून पाहा!